रॉड कधी टाकायचा, हे एक्स-रे ठरवत नाही: खान्देशातल्या अस्थिरोगतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सर्व अस्थिरोगतज्ज्ञ, सरकारी आणि खाजगी

सप्रेम नमस्कार.

मी भूलतज्ज्ञ आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या टेबलाच्या डोक्याच्या बाजूला उभं राहून बरीच वर्षं काढली आहेत. हाडं कशी बसवावीत हे मी तुम्हाला शिकवणार नाही. मला बोलायचं आहे ते पडद्याच्या अलीकडे जे दिसतं त्याबद्दल. तुम्ही मांडीच्या हाडात रीमर फिरवत असता तेव्हा मी मॉनिटर पाहत असतो, आणि अनेक ठिकाणी दुखापत झालेल्या रुग्णात ती दहा मिनिटं कशी जातात हे मला ठाऊक आहे.

पत्र जाहीरपणे लिहितो आहे, कारण हा विषय तुमच्या-माझ्यापुरता नाही. मुंबई–आग्रा रस्त्यावर शिरपूर-पळासनेरकडे, सुरत–नागपूर महामार्गावर मुक्ताईनगरपर्यंत, कन्नडच्या घाटातून चाळीसगावकडे उतरताना जे अपघात होतात, त्यातले तरुण आपल्याकडेच येतात. आणि त्यांच्या नातेवाइकांचा कॅज्युअल्टीच्या दारातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, पायनं काय?" पाय वाकडा दिसतो, लोंबतो, म्हणून तो आधी विचारला जातो. मार लागलेलं फुप्फुस कुणाला दिसत नाही. नातेवाइकांनी असं विचारणं साहजिक आहे. आपणही तसाच विचार करू लागलो तर मात्र अडचण होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की बहुआघाताच्या रुग्णात मांडीच्या हाडाचा कायमचा इलाज केव्हा करायचा, हा निर्णय एक्स-रे, ओटीची रिकामी वेळ किंवा नातेवाइकांचा आग्रह यांवरून न घेता रक्तातल्या आम्लावरून, अंगाच्या तापमानावरून आणि फुप्फुसावरून घ्यावा. तेही एकदा नाही, दर दोन-तीन तासांनी मोजून.

आधी थोडा इतिहास, कारण आपल्यात दोन पिढ्या दोन वेगवेगळे धडे घेऊन आल्या आहेत. एके काळी मांडीचं हाड मोडलेला गंभीर रुग्ण आठवडेच्या आठवडे ट्रॅक्शनवर पडून राहायचा, "शस्त्रक्रियेला झेपणार नाही" म्हणून. पडून राहिल्यानेच त्याची फुप्फुसं बिघडायची. १९८९ मध्ये लॉरेन्स बोन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मांडीचं हाड पहिल्या २४ तासांत बसवलं तर फुप्फुसाचे त्रास कमी होतात आणि आयसीयूतले दिवसही. त्यानंतर सगळ्यांचं सगळं पहिल्याच रात्री बसवण्याची लाट आली. मग १९९३ मध्ये जर्मनीतल्या हानोव्हरहून हान्स-ख्रिस्तोफ पापे यांनी इशारा दिला: छातीला जबर मार असलेल्या रुग्णात पहिल्याच दिवशी रीम करून रॉड टाकला, तर श्वसन कोलमडण्याचं प्रमाण वाढतं. २००० मध्ये बाल्टिमोरच्या शॉक ट्रॉमा सेंटरमधून थॉमस स्केलिया यांच्या गटाने मधला मार्ग मांडला: आधी बाहेरून फिक्सेटर, रुग्ण सावरल्यावर रॉड. त्यांच्याकडे फिक्सेटरला सुमारे ३५ मिनिटं लागली आणि ९० मिलिलिटर रक्त गेलं, रॉडला सुमारे १३५ मिनिटं आणि ४०० मिलिलिटर. डॅमेज कंट्रोल ऑर्थोपेडिक्स म्हणतात ते हे. पोटाच्या शस्त्रक्रियेत ही कल्पना त्याआधीच रुळली होती.

म्हणजे १९८९ चा धडा खोटा ठरला नाही, तो सगळ्यांना लागू होत नाही एवढंच. २००७ मध्ये पापे यांच्याच गटाने चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेत हे नेमकं दिसलं. स्थिर रुग्णांना लगेच रॉड टाकल्याचा फायदा झाला, त्यांचे व्हेंटिलेटरवरचे तास कमी झाले. काठावरच्या रुग्णांत मात्र लगेच रॉड टाकलेल्यांची फुप्फुसं जास्त बिघडली.

असं का होतं, हे मला माझ्या बाजूने सांगू द्या. मांडीच्या हाडाची पोकळी मज्जेने आणि चरबीने भरलेली असते. रीमर आत शिरला की पोकळीतला दाब वाढतो आणि ते सगळं शिरांमधून उजव्या हृदयात, तिथून फुप्फुसात जातं. धडधाकट फुप्फुस हे पचवतं. मॉनिटरवर ऑक्सिजन दोन-तीन टक्के खाली येतो, श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा किंचित घसरतो आणि पाच मिनिटांत सगळं जागेवर येतं. पण ज्या फुप्फुसाला आधीच मार बसला आहे, जे अपघाताच्या धक्क्याने आधीच सुजू लागलं आहे, त्यावर हा दुसरा घाव असतो. अपघात हा पहिला, आपली शस्त्रक्रिया हा दुसरा. रक्तातल्या इंटरल्युकिन-६ सारख्या दाहसूचकांची पातळी रॉड टाकल्यावर चढते, फिक्सेटर लावल्यावर तशी चढत नाही, हेही मोजून झालेलं आहे. दुसऱ्या घावाचा परिणाम टेबलावर पूर्ण दिसत नाही, आणि आपली फसगत तिथेच होते. रुग्ण ओटीतून ठीक बाहेर जातो, एक्स-रे देखणा येतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आयसीयूत व्हेंटिलेटरचे आकडे वाढत जातात. तोवर आपण पुढच्या यादीला लागलेलो असतो.

एक रुग्ण सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मे महिना. भुसावळच्या पुढे केळीच्या ट्रकची आणि मोटारसायकलची धडक. पंचविशीतला मुलगा, साडेचारच्या सुमाराला अपघात, सहा वाजून गेल्यावर आमच्यापर्यंत. नाडी १२८, वरचा रक्तदाब ८८. डाव्या मांडीचं हाड मध्यावर मोडलेलं, जखम बंद. डाव्या बाजूच्या पाच बरगड्या, त्याखाली फुप्फुसाला मार. उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं. डोक्याचं सीटी ठीक, पोटाच्या सोनोग्राफीत रक्त नाही, कमरेचं हाड शाबूत. छातीत नळी घातल्यावर हवा आणि थोडं रक्त आलं, आणि श्वास जरा सुधारला.

पहिला एबीजी: पीएच ७.२१, बेस एक्सेस उणे ८.६, लॅक्टेट ५.४. मास्कमधून ५० टक्के ऑक्सिजन देऊनही रक्तातला ऑक्सिजन ११५, म्हणजे पी-एफ गुणोत्तर २३०. प्लेटलेट १ लाख २ हजार, आयएनआर १.५. अंगाचं तापमान ३४.६ सेल्सिअस.

या शेवटच्या आकड्यापाशी मी मुद्दाम थांबतो, कारण आपल्याकडे त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. बाहेर भुसावळचा मे, सावलीतही अंग भाजतं, आणि रुग्ण गार! पण ज्याचं रक्त गेलं आहे त्याचं शरीर उष्णता तयार करायचंच कमी करतं. त्यात आपण त्याचे कपडे कापतो, अंगावर पाणी आणि बेटाडीन ओततो, एसी २० वर ठेवतो आणि फ्रिजमधली रक्ताची पिशवी तशीच चढवतो. गार रक्त नीट गोठत नाही. लॅबमध्ये आयएनआर ३७ अंशांवर मोजला जातो, म्हणून तिथे तो बरा दिसू शकतो आणि टेबलावर जखम मात्र पाझरत राहते. आपल्याला हे कळत नाही याचं एक साधं कारण म्हणजे काखेत लावायचा नेहमीचा पाऱ्याचा थर्मामीटर ९४ फॅरेनहाइटच्या खाली वाचतच नाही. ९४ म्हणजे ३४.४ सेल्सिअस. त्याखालचा प्रत्येक रुग्ण चार्टवर "९४" किंवा "अफेब्राइल" म्हणूनच नोंदला जातो. अन्ननलिकेत किंवा गुदद्वारात ठेवायचा प्रोब ओटीत असतो, तो कॅज्युअल्टीत आणायला फक्त पायऱ्या उतराव्या लागतात.

त्या संध्याकाळी तुमच्यातलेच एक तरुण अस्थिरोगतज्ज्ञ ड्यूटीवर होते. त्यांनी मांडीला थॉमस स्प्लिंट लावला, हाताला स्लॅब, आणि मला सरळ विचारलं, "कधी घेऊ?" मी म्हटलं, दोन तासांनी पुन्हा मोजू. त्या दोन तासांत दोन पिशव्या लाल पेशी, दोन प्लाझ्मा, कॅल्शियम, ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडचा १ ग्रॅमचा पहिला डोस (अपघाताला तीन तास व्हायच्या आत, नंतर देऊन उपयोग नाही), गरम केलेली सलाईन, अंगावर गरम हवेचं पांघरूण आणि एसी बंद. सव्वाआठला रक्तदाब १०४, नाडी ११२, तापमान ३५.१. लॅक्टेट ४.३, पीएच ७.२४, बेस एक्सेस उणे ६.४.

रुग्ण सुधारत होता, पण पोहोचला नव्हता. इथे एक उपयोगी मोजपट्टी आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या हीदर व्हॅलियर यांच्या गटाने २०१३ च्या सुमारास मांडली. लॅक्टेट ४ च्या खाली, पीएच ७.२५ किंवा वर, बेस एक्सेस उणे ५.५ किंवा त्याहून बरा, यातलं एक जरी साधलं आणि रुग्ण उपचाराला प्रतिसाद देत असेल, तर मांडी, कंबर आणि मणक्याची मोठी हाडं ३६ तासांच्या आत कायमची बसवावीत. आमच्या मुलाचं सव्वाआठला तिन्हींत एकही साधलं नव्हतं. शिवाय छाती. ठरलं, फिक्सेटर.

फिक्सेटर लावण्याची ती पस्तीस-चाळीस मिनिटं मला आवडली, कारण त्यात हौस नव्हती. साधं टेबल, ट्रॅक्शन टेबल नाही. रुग्ण उताणा, छाती माझ्या हाताशी. मांडीच्या बाहेरच्या अंगाने तुटीच्या वर दोन आणि खाली दोन ५ मिलिमीटरचे शान्झ पिन, पुढे रॉड आणि लॉकिंग स्क्रूचे छेद जिथे येणार ती जागा सोडून. ड्रिल फिरताना वरून सलाईनची धार, कारण भाजलेल्या हाडातला पिन लवकर सैल होतो आणि सैल पिनाभोवती पू होतो. हाताने ओढून लांबी आणि सरळपणा जमवला, सी-आर्मवर दोन बाजूंनी पाहिलं, नळ्या आवळल्या. तुकडे तंतोतंत जुळले नव्हते. सहायकाने "सर, अजून थोडं" म्हटलं तेव्हा सर म्हणाले, "राहू दे, हे आठवड्याचं आहे." हे वाक्य मला प्रत्येक ओटीत ऐकायला आवडेल. तात्पुरत्या कामात पूर्णत्व शोधायला गेलं की ३५ मिनिटांचे ९० होतात आणि मग रॉडच टाकला असता तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न उरतो. हात स्लॅबमध्येच ठेवला.

आता वादाची जागा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लॅक्टेट २.६, पीएच ७.३४, बेस एक्सेस उणे ३. मोजपट्टीप्रमाणे तिन्ही साधलं, अपघाताला चौदा तासही झाले नव्हते आणि अकराची ओटी रिकामी होती. सर्जन म्हणाले, करून टाकू. त्यांचं म्हणणं अयोग्य नव्हतं. पण पी-एफ रात्रीतून १८० वर आला होता, व्हेंटिलेटरवर ६० टक्के ऑक्सिजन लागत होता. मार लागलेलं फुप्फुस पहिल्या २४ ते ४८ तासांत आणखी बिघडतं. आम्ल उतरलं म्हणजे पेशींना रक्त मिळू लागलं, पण चरबीचा तो लोंढा गाळायला फुप्फुस तयार आहे की नाही हे आम्लावरून कळत नाही. ते पी-एफवरून आणि छातीच्या एक्स-रेवरून कळतं. छातीला मार नसता तर मी स्वतः सकाळी अकराला भूल दिली असती, आणि आग्रहाने दिली असती. आम्ही थांबलो. दुपारी पी-एफ १६५ झाला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, या वेळी नातेवाइकांकडूनही. पी-एफ २०० झाला होता, ताप नव्हता, रक्तदाब छान. इथेही मी थांबायला सांगितलं, आणि त्याचं कारण वेगळं होतं. दुसरा ते चौथा दिवस हा शरीरातल्या दाहाचा भर असतो. या दिवसांत मोठी दुसरी शस्त्रक्रिया झालेल्यांत एकामागोमाग अवयव निकामी होण्याचं प्रमाण, सहाव्या ते आठव्या दिवशी झालेल्यांपेक्षा बरंच जास्त आढळलं आहे. पापे यांच्याच गटाचं २००२ चं काम आहे ते. पहिल्या रात्री सुटलं तर तिसऱ्या दिवशी ओढून आणण्यात अर्थ नाही. पाचवा ते दहावा दिवस ही आपली जागा.

सहाव्या दिवशी पी-एफ ३१०, ऑक्सिजन ३५ टक्क्यांवर. लॅक्टेट १.३. प्लेटलेट १ लाख ९० हजार आणि चढती. प्लेटलेटकडे माझं विशेष लक्ष असतं. ती चढू लागली की दाह ओसरतो आहे असं मी समजतो, नुसती "पुरेशी" असून भागत नाही. अंगावरची सूज उतरून लघवी मोकळी होत होती. पिनांच्या तोंडाशी कोरडं. सातव्या दिवशी सकाळी रॉड टाकला. आधी फिक्सेटर काढून पिनांच्या जागा वेगळ्या धुतल्या, मग पूर्ण नव्याने पडदे लावले. धारदार रीमर, सावकाश, मध्ये थांबत. ऑक्सिजन ९८ वरून ९४ वर आला आणि परत चढला. रॉड बसल्यावर टेबलावरच एबीजी काढला: पी-एफ २९०, लॅक्टेट १.६. तेव्हा मीच म्हटलं, हातही करून घ्या. प्लेटा घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घशातली नळी निघाली.

या आकड्यांचेही डाव असतात, ते ठाऊक असले पाहिजेत. नुसता बेस एक्सेस पाहिलात आणि वाटेत कुणीतरी चार-पाच लिटर नॉर्मल सलाईन ओतलं असेल, तर क्लोराइडमुळे तो उणे ७-८ दिसेल आणि लॅक्टेट मात्र दीड. असा रुग्ण शॉकमध्ये नसतो, त्याला विनाकारण फिक्सेटर लागेल. उलट लॅक्टेट चढा आणि रुग्ण दारू प्यायलेला, किंवा फिट येऊन गेलेली, किंवा अ‍ॅड्रिनलिन चालू, तर तो आकडाही तेवढाच फसवा. म्हणून दोन्ही पाहायचे आणि दोन वेळा पाहायचे. एकच आकडा म्हणजे फोटो, आपल्याला चाल कळायला हवी. लॅक्टेट ४.३ पण वाटचाल ५.४ वरून खाली, हा एक रुग्ण. लॅक्टेट ३.६ पण तासाभरापूर्वी २.८ होता, हा दुसरा. मी दुसऱ्याला जास्त घाबरतो, त्याचं कुठेतरी अजून रक्त जातं आहे.

जिथे एबीजी नाही तिथे काय? बोटाच्या थेंबावर चालणारा लॅक्टेट मीटर ठेवता येतो. तोही नसेल तर नाडीला वरच्या रक्तदाबाने भागा. एकच्या वर आला तर त्या रात्री रॉडचा विचार सोडा. आमच्या मुलाचा येताना जवळजवळ दीड होता. मग थॉमस स्प्लिंट, गरम ठेवणं आणि पुढे पाठवणं. धडगावहून घाट उतरून येणाऱ्याला स्प्लिंट नीट लावलेला असणं हे फिक्सेटरच्या तोडीचं काम आहे. अगदी ओटीलाच नेता येत नाही इतका नाजूक रुग्ण असेल तर आयसीयूत हाडातून पिन घालून एक-दोन दिवस ट्रॅक्शन ठेवण्यात कमीपणा नाही.

काही गोष्टींना ही वाट पाहणी लागू नाही, हे तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितो. रक्तवाहिनी तुटून पाय गार पडलेला, पोटरी दगडासारखी घट्ट होऊन बोटं हलवल्यावर असह्य कळ, निखळलेला सांधा, उघडी जखम. रुग्ण कितीही वाईट असला तरी हे त्याच रात्री करावंच लागतं. पण करायचं तेवढंच, कमीत कमी वेळात. उघड्या जखमेला प्रतिजैविकाचा पहिला डोस तर कॅज्युअल्टीतच, ओटीची वाट न पाहता.

आता तक्रार, दोन्ही बाजूंची. काही ठिकाणी "डॅमेज कंट्रोल" ही पळवाट झाली आहे. एकटं मांडीचं हाड, छाती स्वच्छ, लॅक्टेट १.५, आणि तरी रात्री फिक्सेटर लावला, कारण सकाळी सावकाश करू. त्या रुग्णाला आपण एक जादाची भूल, चार छिद्रं आणि आठवड्याभराचं अंथरूण दिलं. स्थिर रुग्णाचा रॉड २४ तासांत व्हायला हवा. जे बहुतेकांना लागत नाही ते सर्रास वापरलं तर ज्याला खरंच लागतं त्याच्या वेळी कुणी ऐकणार नाही.

आणि त्याहून मोठी तक्रार: फिक्सेटर लावून सोडून दिलेले रुग्ण. सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस, फिक्सेटरसह घरी जातो, "पंधरा दिवसांनी या" असं कागदावर असतं, गाडीभाड्याला पैसे नसतात, कापूस वेचणीला आलेला असतो, आणि तो सहा आठवड्यांनी येतो तेव्हा चारपैकी दोन पिनांतून पू वाहत असतो. आता सरळ रॉड टाकता येत नाही. पिन काढा, जागा खरवडा, प्रतिजैविकं, ट्रॅक्शन, मग पुन्हा विचार. फिक्सेटरवरून रॉडवर दोन आठवड्यांच्या आत गेलं तर जंतुसंसर्गाचा धोका मर्यादित राहतो, त्यानंतर पिनांच्या वाटेने जंतू आत उतरत जातात. म्हणून माझ्या मते फिक्सेटर लावलेल्या बहुआघाताच्या रुग्णाला रॉड टाकल्याशिवाय घरी सोडूच नये. दुसऱ्या रुग्णालयात पाठवायचं असेल तर तारीख आणि घेणाऱ्या सर्जनचं नाव ठरवूनच पाठवावं.

तर तुमच्याकडे मागणं असं. तिन्ही जिल्ह्यांत मिळून एकच पाठवणी-पत्र वापरू या, अर्ध्या पानाचं. त्यावर अपघाताची वेळ, तापमान आणि ते कुठे मोजलं, दोन वेळांचे लॅक्टेट, पीएच आणि बेस एक्सेस वेळेसह, पी-एफ, प्लेटलेट, दिलेलं रक्त आणि सलाईन, ट्रॅनेक्सॅमिकची वेळ. फिक्सेटर लावला असेल तर तारीख, पिन कुठून घातले आणि रॉडची शेवटची तारीख, म्हणजे लावल्यापासून चौदावा दिवस. धुळ्याच्या, जळगावच्या आणि नंदुरबारच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या अस्थिरोग विभागांनी हे आपल्या नावाने काढलं तर खाजगीवाले ते वापरतील, असा माझा अंदाज आहे. दुसरं, रात्री निर्जंतुक करून ठेवलेला मोठ्या फिक्सेटरचा एक संच, ५ मिलिमीटरच्या पिनांसह, कुलपाबाहेर. चावी ज्याच्याकडे आहे तो माणूस चोपड्याला लग्नाला गेलेला असतो, हा अनुभव तुम्हालाही असेल.

तिसरं मागणं माझ्या जातभाईंच्या वतीने. ओटीत शिरण्यापूर्वी आपण दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगायचं की कशावर थांबायचं. मी माझी यादी देतो: तापमान ३५ च्या खाली, रक्तदाबाचं औषध वाढवावं लागतंय, रीम करताना ऑक्सिजन खाली जाऊन पाच मिनिटांत परत येत नाही, किंवा जखमेच्या कडांतून न गोठणारं रक्त. यातलं काहीही झालं तर मी "थांबा" म्हणेन आणि तुम्ही रीमर बाहेर काढून फिक्सेटरवर जाल. म्हणून रॉडच्या ट्रॉलीवर फिक्सेटरही उघडून तयार असावा. तुमची यादी वेगळी असेल तर ती कळवा, भांडण ओटीच्या बाहेर होऊ द्या. पाठवणी-पत्राचा मसुदा मी केला आहे. समासात जागा उरली आहे ती तुमच्या दुरुस्त्यांसाठी.

आपला,
जळगाव जिल्ह्यातील एक भूलतज्ज्ञ